घंटेच्या पोटात वर्तुळ कुठून आलं?

आज एका इंटिग्रेशनबद्दल लिहितोय. पालकांनी लगेच पान बंद करू नये, कारण निम्मा लेख बेरजेचा आहे आणि एका जागी बैलही येणार आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत एक माजी विद्यार्थी भेटायला आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या वहीत एक ओळ चौकटीत लिहिलेली होती:

∫ e^(-x²) dx = √π  (−∞ ते ∞)

खाली लाल शाईत ‘पाठ करणे’. मी विचारलं, हा पाय इथे कसा आला रे? पाय म्हणजे वर्तुळ. इथे तर वर्तुळ कुठंच दिसत नाही, एक घंटेसारखा वक्र आहे आणि त्याच्याखालचं क्षेत्रफळ आहे. तो म्हणाला, “सर, हे इंटिग्रेशन होतच नाही असं शिकवलंय. पोलर घेतलं की येतं, पण ते कसं ते नाही विचारायचं.”

त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मी शिकत असताना मलाही हे असंच मिळालं होतं. फळ्यावर चार ओळी आल्या, मधल्या ओळीत dx dy च्या जागी r dr dθ आलं, शेवटी √π आलं आणि तास संपला. तो r कुठून उपटला हे मला कळायला पुढे बरीच वर्षं लागली. माझं मत स्पष्ट सांगतो: ही युक्ती जेकोबियनपासून सुरू करून शिकवणं चुकीचं आहे. आधी पोरांना बेरीज करू द्यावी. वर्तुळ त्यांना स्वतःला दिसतं, आणि एकदा दिसलं की बारावीच्या इंटिग्रेशनवर काम भागतं.

आधी ‘होत नाही’ या शब्दांचा घोळ मिटवू, कारण पोरं तिथेच अडकतात. होत नाही ते एवढंच, की ज्याचा अवकलज e^(-x²) येईल असं फंक्शन आपल्या नेहमीच्या सामानातून, म्हणजे घात, मुळं, साइन-कोसाइन, लॉग, घातांकी फंक्शन यांची बेरीज-गुणाकार करून, बनवता येत नाही. १८३० च्या दशकात लिउव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने असं का होतं याचा पाया घातला. पण सूत्र लिहिता येत नाही म्हणजे क्षेत्रफळ नाही, असं थोडंच आहे? वक्र समोर काढलेला आहे, त्याच्याखाली जागा आहे, ती मोजता येते. शेताच्या बांधाला सूत्र नसतं म्हणून शेताला क्षेत्रफळ नाही असं कोणी म्हणत नाही.

तर मोजू या. मी हे आमच्या साक्रीच्या वर्गात एका रविवारी आलेखाच्या कागदावर करून घेतलं, तेच इथे देतो. x = 0 ला वक्राची उंची १ असते. x = 1 ला e⁻¹ म्हणजे ०.३६७९. x = 2 ला e⁻⁴ म्हणजे ०.०१८३. x = 3 ला e⁻⁹, फक्त ०.०००१. डाव्या बाजूलाही हेच आकडे. प्रत्येक उंचीवर एक-एक एकक रुंदीची पट्टी उभी केली तर सात पट्ट्या होतात, आणि त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज म्हणजे नुसती उंचींची बेरीज:

1 + 2 × (0.36788 + 0.01832 + 0.00012) = 1.7726

आता पोरांना सांगा, याचा वर्ग करा. मोबाइलवर येतं ३.१४२२. वर्गात एकदम आवाज होतो. कोणीतरी म्हणतं “पाय!” आणि कोणीतरी म्हणतं “योगायोग असेल.” दुसरं म्हणणारा माझा आवडता विद्यार्थी, कारण त्याला आता कारण द्यावं लागतं.

इथे एक सावधगिरीची सूचना. इतक्या जाड पट्ट्यांनी इतकं जवळचं उत्तर येणं हे या वक्राचं लाडकं वैशिष्ट्य आहे, प्रत्येक वक्राला असं होत नाही. याच वक्राला पट्टी दोन एकक रुंद घेतली तर २.०७ येतं आणि सगळी गंमत जाते. अर्ध्या एककाची घेतली तर १.७७२४५ येतं, म्हणजे √π चे पाच दशांश स्थळांपर्यंतचे अंक.

आता मूळ मुद्दा. वर्ग केला म्हणजे काय केलं? सात आकड्यांच्या बेरजेला त्याच सात आकड्यांच्या बेरजेने गुणलं. हे पोरांना पाढ्याच्या तक्त्यासारखं मांडायला लावा: वरच्या ओळीत सात उंची, डाव्या रकान्यात त्याच सात उंची, आणि प्रत्येक घरात दोघांचा गुणाकार. एकोणपन्नास घरं होतात. सगळ्या घरांची बेरीज म्हणजेच तो वर्ग, कारण प्रत्येक ओळीची बेरीज म्हणजे त्या ओळीचा आकडा गुणिले १.७७२६, आणि सगळ्या ओळी मिळून १.७७२६ गुणिले १.७७२६.

इथे पोरांची पहिली चूक होते, ती मुद्दाम होऊ द्यावी. बरेच जण दोन्ही इंटिग्रेशनमध्ये x च ठेवतात आणि e^(-x²) गुणिले e^(-x²) म्हणजे e^(-2x²) असं लिहून मोकळे होतात. तक्त्यावर बोट ठेवून विचारा, हे तुम्ही कोणत्या घरांचं बोलताय? जिथे ओळ आणि रकाना एकच आहे तेवढ्याच घरांचं, म्हणजे कर्णावरच्या सात घरांचं. बाकीची बेचाळीस घरं गेली कुठे? दुसऱ्या बेरजेला y हे वेगळं नाव का द्यायचं, ते मग वेगळं समजवावं लागत नाही.

घरात काय आहे ते आता नीट बघू. रकाना m आणि ओळ n असेल तर घरात e^(-m²) गुणिले e^(-n²) आहे. घातांकांच्या नियमाने गुणाकाराची बेरीज होते, म्हणून घरात e^(-(m²+n²)) आहे. प्रत्येक घरात फक्त m² + n² एवढंच लिहायला सांगितलं की कागद असा दिसतो:

```
18 13 10  9 10 13 18
13  8  5  4  5  8 13
10  5  2  1  2  5 10
 9  4  1  0  1  4  9
10  5  2  1  2  5 10
13  8  5  4  5  8 13
18 13 10  9 10 13 18
```

आता सारख्या आकड्यांना सारखा रंग द्या. १ ची चार घरं, २ ची चार, ४ ची चार, ५ ची आठ. मधल्या शून्यावर कंपासचं टोक ठेवून ५ च्या एका घराच्या मध्यातून वर्तुळ काढलं तर आठही घरांच्या मध्यांतून जातं. जाणारच, m² + n² म्हणजे पायथागोरसने मधल्या घरापासूनचं अंतर, त्याचा वर्ग. ज्या घराचं मधल्यापासून अंतर सारखं, त्याची किंमत सारखी. चौकोनी तक्त्यात वर्तुळं दडली होती, ती अशी वर येतात.

मागच्या बाकावरून एक जण ओरडला, “सर, हाई ते खयं शे!” खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. त्याला म्हणायचं होतं, हे तर खळं आहे. त्याने स्वतः खळं पाहिलेलं नव्हतं, आता थ्रेशर येतो आणि तासाभरात काम उरकतो. आजोबांकडून ऐकलेलं. पण त्याचं म्हणणं अगदी नेमकं होतं, आणि पुढचं सगळं शिकवायला मला तेच कामाला आलं.

खळ्याच्या मधोमध एक खांब रोवलेला असतो. त्याला एका ओळीत बैल बांधलेले, ते कणसांवरून गोल गोल फिरतात. मी पोरांना विचारलं, या ओळीतल्या कोणत्या बैलाला जास्त चालावं लागतं? बाहेरच्याला. किती जास्त? खांबापासून दुप्पट अंतरावर असेल तर एका फेरीत दुप्पट. खांबापासून r अंतरावर फेरी 2πr एवढी. मित्रांनो, फळ्यावरच्या त्या चार ओळींत अचानक उगवणारा r तो हाच. बाहेरच्या बैलाचं जास्तीचं चालणं. याला जेकोबियन म्हणायला हरकत नाही, पण नाव नंतर द्यावं.

आता पट्ट्या बारीक करत नेल्या की तक्त्याची गुळगुळीत रास होते. मधोमध उंची १, बाहेर जाल तशी कमी होत जाणारी, सगळीकडून सारखी. मधल्यापासून r अंतरावर उंची e^(-r²). या राशीचं घनफळ दोन तऱ्हेने मोजता येतं. पहिली तऱ्हा तक्त्याच्या ओळींची: सरळ उभे काप घ्या. y वर घेतलेल्या कापाचं क्षेत्रफळ e^(-y²) गुणिले I, इथे I म्हणजे आपल्याला हवं असलेलं क्षेत्रफळ. सगळे काप मिळवले की घनफळ I गुणिले I, म्हणजे I².

दुसरी तऱ्हा खळ्याची. r आणि r + dr यांच्यामधलं एक बारीक कडं घ्या. ते कापून सरळ केलं तर 2πr लांब आणि dr रुंद पट्टी मिळते, तिच्यावर उंची e^(-r²). म्हणून कड्याचं घनफळ 2πr · e^(-r²) dr. सगळी कडी मिळवायची:

I² = ∫ 2πr e^(-r²) dr  (0 ते ∞)

हे इंटिग्रेशन बारावीचा कोणताही विद्यार्थी करतो. r² = u धरा, 2r dr = du होतं, आणि उरतं π ∫ e^(-u) du, शून्यापासून अनंतापर्यंत, म्हणजे π गुणिले १. म्हणून I² = π आणि I = √π. वर्गमूळ धन घ्यायचं, कारण वक्र सगळा अक्षाच्या वर आहे.

इथे मी दरवेळी खडू खाली ठेवतो आणि विचारतो, अडलेलं इंटिग्रेशन सुटलं कशामुळे? उत्तर त्या r मध्येच आहे. e^(-x²) चं इंटिग्रेशन होत नाही, पण x · e^(-x²) चं होतं, कारण e^(-x²) चं डेरिव्हेटिव्ह घेतलं की पुढे −2x येतोच. एकटं असताना जो गुणक नव्हता तो कड्याच्या परिघाने आणून दिला. सगळी युक्ती एवढीच आहे.

हे कळलं आहे की नाही ते तपासायचा एक चांगला प्रश्न आहे. मुद्दाम r विसरा आणि काय होतं ते बघा. dx dy च्या जागी नुसतं dr dθ लिहिलं तर कोनाचे 2π मिळतात आणि उरतं e^(-r²) चं शून्यापासूनचं इंटिग्रेशन, जे I चं अर्धं आहे. म्हणजे I² = πI, आणि I = π. उत्तर दिसायला सुबक, पण चूक. ते चूक आहे हे कसं ओळखायचं? सात पट्ट्यांची बेरीज १.७७ आली होती, ३.१४ नाही. मी परीक्षेत असतो तर युक्ती विचारण्याऐवजी हाच प्रश्न विचारला असता. पाठ करणारा यात सापडतो.

हुशार पोरं एक शंका काढतात आणि ती खरी आहे. तक्ता चौकोनी होता, खळं गोल आहे. चौकोनाचे कोपरे गोलात बसत नाहीत, मग दोन्ही मोजण्या एकाच राशीच्या कशा? शंका नुसती बरोबरच नाही, तर युक्तीची मर्यादा तिच्यात आहे. समजा आपल्याला −1 ते 1 एवढंच क्षेत्रफळ हवंय. चौकोन दोन बाय दोनचा. त्याच्या जागी त्रिज्या १ चं वर्तुळ घेऊन हिशेब केला तर π(1 − e⁻¹), त्याचं वर्गमूळ १.४०९. खरं उत्तर १.४९४ आहे. फरक चार कोपऱ्यांतल्या धान्याचा. म्हणजे मर्यादित अंतरासाठी ही युक्ती चुकीचं उत्तर देते, आणि कोपऱ्यांच्या दुरुस्तीचं सोपं सूत्र नाही.

मग पूर्ण रेषेसाठी ती का चालते? चौकोनाच्या आत बसणारं वर्तुळ घ्या आणि चौकोनाच्या कोपऱ्यांतून जाणारं बाहेरचं वर्तुळ घ्या. खरं उत्तर या दोघांच्या मध्ये अडकलेलं असतं. −2 ते 2 साठी आतलं वर्तुळ १.७५६ देतं आणि बाहेरचं १.७७२. चौकोन वाढवत नेला की दोन्ही वर्तुळं √π कडेच सरकतात आणि मधल्याला पळायला जागा उरत नाही. कोपऱ्यांत जागा पुष्कळ असते, पण तिथे रास इतकी पातळ असते की मोजण्यासारखं काही शिल्लक नसतं. हा भाग बरेच शिक्षक गाळतात. माझ्या मते एक वेळ पोलरची चार वाक्यं कमी लिहिली तरी चालतील, हा गाळू नये.

दुसरी मर्यादा तक्त्यावरच तपासता येते. पोरं उत्साहात विचारतात, मग प्रत्येक अवघड इंटिग्रेशनचा वर्ग करून पोलर का घेत नाही? e^(-x⁴) घेऊन बघा. मधल्या घरापासून (3, 4) आणि (5, 0) ही दोन्ही घरं पाच अंतरावर आहेत. पण पहिल्या घरात घातांक 81 + 256 म्हणजे 337, दुसऱ्यात 625. किंमती सारख्या नाहीत, म्हणून कडी तयारच होत नाहीत. 1/(1+x²) चंही तेच. या दोन घरांत 1/170 आणि 1/26 असे वेगळे आकडे येतात. दोन उंचींचा गुणाकार फक्त मधल्यापासूनच्या अंतरावर अवलंबून राहावा ही अट इतकी कडक आहे, की वक्र गुळगुळीत असेल तर e चा घात आणि घातात x² चा एखादा पट, याशिवाय दुसरं काही तिच्यात बसत नाही. म्हणजे ही युक्ती जवळपास एकाच कुलुपाची किल्ली आहे. काही शिक्षकांना यात कमीपणा वाटतो. मला तर हाच घंटाकृती वक्राचा सगळ्यात खास गुण वाटतो, की चौकोनी तक्त्यात भरूनही तो गोल राहतो.

इतिहासाचं थोडक्यात. वक्राला गाऊसचं नाव चिकटलंय, पण गाऊसने १८०९ च्या आपल्या ग्रंथात हे उत्तर लाप्लासचं असल्याचं स्वतः लिहिलं आहे. पोलरची ही सुटसुटीत वाट सहसा प्वासाँच्या नावावर सांगतात. बारावी कॉमर्सची पोरं ज्यांना ‘पॉयसन’ म्हणतात, तेच ते. ज्यांना θ आणि r नकोच आहेत त्यांनी लाप्लासची वाट बघावी: धन बाजूपुरतं y = xt धरायचं, आधी x चं इंटिग्रेशन करायचं, आणि शेवटी ∫ dt/(1+t²) उरतं. त्यातून टॅन इन्व्हर्सने π/2 येतो. वर्तुळ तिथेही आहेच, फक्त टॅन इन्व्हर्सच्या आड लपलंय.

आता पालकांचा नेहमीचा प्रश्न, याचा उपयोग काय. मी लांबचं उदाहरण देणार नाही. पीक विमा घेणाऱ्या घरात ‘पीक कापणी प्रयोग’ हा शब्द माहीत असतो. मंडळातल्या सगळ्या शेतांचं पीक कोणी मोजत नाही. काही गावं, त्यांतली काही शेतं, आणि शेतातला एक लहान तुकडा चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडतात, तेवढंच कापून तोलतात आणि त्यावरून सरासरी उत्पन्न ठरवतात. आपल्या देशात ही पद्धत शास्त्रशुद्ध करण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११ चा. पानसे आणि सुखात्मे यांचं शेतीतल्या संख्याशास्त्रावरचं १९५४ चं इंग्रजी पुस्तक पुढे कृषी महाविद्यालयांतून पिढ्यानपिढ्या वापरलं गेलं. थोड्या तुकड्यांवरून काढलेली सरासरी खऱ्या सरासरीपासून किती हुकू शकते, हे सांगायला घंटाकृती वक्र लागतो. आणि त्यातून ‘शंभरात पंच्याण्णव वेळा’ असं काही म्हणायचं तर वक्राखालचं एकूण क्षेत्रफळ बरोबर १ असायला हवं.

संख्याशास्त्रात वक्र e^(-x²/2) असा घेतात. x = √2·u ठेवलं की एकूण क्षेत्रफळ √2 गुणिले √π, म्हणजे √(2π), साधारण २.५०६६ येतं. एकूण १ करायचं तर याने भागायचं. १ भागिले २.५०६६ म्हणजे ०.३९८९. संख्याशास्त्राच्या पुस्तकात वक्राच्या मधल्या उंचीला हा विचित्र आकडा असतो आणि पोरं तो देवाने दिल्यासारखा मान्य करतात. तो खळ्यातून आलाय. पण −1.96 ते 1.96 मध्ये ९५ टक्के क्षेत्रफळ असतं, हे मात्र या युक्तीने निघत नाही, कारण तिथे कोपरे आडवे येतात. ते पट्ट्या बारीक करून, बेरजा करूनच काढावं लागतं, आणि म्हणून पुस्तकाच्या मागे तो लांबलचक तक्ता छापलेला असतो. पोरं विचारतात ना, एवढं गणित असूनही तक्ता कशाला? हे त्याचं उत्तर.

सहकारी शिक्षकांचा आक्षेप मला माहीत आहे. वेळ नाही, बोर्डाला हे येत नाही. खरं आहे, मला रविवारचे दोन तास लागले, त्यातला एक नुसता रंग भरण्यात गेला. तरी मी म्हणेन की निदान तक्ता करून घ्या, बाकीचं नाही जमलं तरी चालेल. पुढे कॉलेजात r dr dθ फळ्यावर येईल तेव्हा त्या पोराला बाहेरचा बैल आठवेल. वर ज्या माजी विद्यार्थ्याचं सांगितलं त्यालाही मी तक्ताच करायला बसवलं. इंजिनिअरिंगचा मुलगा स्केचपेन घेऊन घरं रंगवतोय हे बघून आमच्या घरात हसू झालं, पण पाचच्या आठ घरांवर कंपास फिरला तेव्हा तो गप्प झाला.

जाताना त्यानेच विचारलं, “सर, x आणि y झाले, z पण घेतला तर?” मी म्हटलं, करून बघ. तीन बेरजांचा गुणाकार I³, म्हणजे π√π. कड्यांच्या जागी आता कांद्याचे पापुद्रे येतात, आणि r अंतरावरच्या पापुद्र्याचं क्षेत्रफळ 4πr². म्हणून 4π ∫ r² e^(-r²) dr = π√π, आणि ∫ r² e^(-r²) dr (0 ते ∞) = √π/4. रात्री त्याचा फोन आला. इंटिग्रेशन बाय पार्ट्सने ताडून बघितलं होतं आणि तेच उत्तर आलं होतं. आता तो चार मितींत पापुद्र्याचं माप किती असेल ते शोधतोय. I⁴ म्हणजे π² हे त्याला माहीत आहे, त्यामुळे उलटा हिशेब करून त्याला ते सापडेल.